अष्टविनायकाची गाडी, रात्रीचे साडेबारा आणि सात हजार सातशे पाच रुपये

मुग्धा_कोथरूड

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवार-रविवारी आमच्या सोसायटीतून अष्टविनायकाला जाऊन आलो. दर्शनं छान झाली, हिशेब मात्र अजून झालेला नाही. गाडी मी ठरवली होती, त्यामुळे ग्रुपवर सगळे मलाच विचारताहेत. जाणकारांनी सांगावं की चूक कोणाची.

गाडी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. दर २६ रुपये किलोमीटर, रोजचे किमान ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता दिवसाला ५००, टोल-पार्किंग वेगळं. मी हिशेब केला तो असा: दोन दिवस, साधारण ६६० किलोमीटर, म्हणजे १७,१६०. भत्ता १,०००. टोल-पार्किंगचे अंदाजे दीड हजार. एकूण १९,६६०. सतरा जणांत ११५६ होतात, म्हणून गाडीचे माणशी १,२०० ठरवले. राहण्या-जेवणाचे वेगळे.

जायच्या आदल्या रात्री एका जोडप्याने यायचं रद्द केलं. त्यांचे ५०० प्रमाणे फक्त १,००० आगाऊ आले होते. बाकीच्या पंधरा जणांचे १८,०००. हातात १९,०००.

शनिवारी पहाटे सव्वापाचला निघालो. परत कोथरूडला पोचलो तेव्हा रविवार संपून रात्रीचे बारा पस्तीस झाले होते. गाडी पुढे मांजरीला गॅरेजला गेली. दोन दिवसांनी बिल आलं:

९०० किमी × २६ = २३,४००
भत्ता ३ दिवस = १,५००
टोल = १,३८५
पार्किंग = ४२०
एकूण = २६,७०५

गाडी फिरली ७०४ किलोमीटर आणि बिल ९०० चं! मालक म्हणतात, बारा वाजून गेले की तिसरा दिवस लागतो. पस्तीस मिनिटांसाठी अख्खा दिवस? ७,७०५ रुपये कमी पडताहेत. ते कोणी भरायचे, आणि मुळात द्यायचे का?

गुळपोळी

बाप्पा विघ्नहर्ता आहे हो, पण ओझरला. तुमचं विघ्न कोथरूडला आलं.

हिशेबनीस

द्यायचे नाहीत. दिवस म्हणजे चोवीस तास. तुम्ही शनिवारी सव्वापाचला निघालात, म्हणजे दोन दिवस सोमवारी पहाटे सव्वापाचला संपतात. साडेचार तास हातात होते तुमच्या. आम्ही कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा गाडी पहाटे तीनला परत आणली, मालकाने एक पैसा जास्त लावला नाही. ७०४ किलोमीटरचे १८,३०४, भत्ता १,०००, टोल-पार्किंगचे १,८०५. झाले २१,१०९. तेवढे द्या आणि विषय संपवा.

केतकी_ठाणे

ओझरला भक्तनिवास मिळालं का? आम्ही पुढच्या महिन्यात जाणार आहोत. खोल्या आधी बुक कराव्या लागतात का?

मुग्धा_कोथरूड

केतकी, हो, मिळालं. पाच खोल्या होत्या, ९०० प्रमाणे ४,५००. स्वच्छ होत्या, गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेतच. आम्ही आधी फोन करून ठेवला होता. पण आत्ता गाडीचं बघू या का?

स्टेअरिंग

माझ्या स्वतःच्या दोन ट्रॅव्हलर आहेत, त्यामुळे थोडं मालकाच्या बाजूचं वाटेल. तरी लिहितो.

हिशेबनीस म्हणतात ते चोवीस तासांचं गणित काही ठिकाणी असतं. स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतली तर बहुतेक तसंच असतं. ड्रायव्हरसह गाडीला मात्र आमच्याकडे सर्रास तारखेचा दिवस धरतात, रात्री बारा ते रात्री बारा. कारण साधं आहे. गाडी सोमवारी पहाटे मांजरीत पोचली. तो ड्रायव्हर सोमवारी सकाळी सहाच्या भाड्यावर जाऊ शकत नाही. म्हणजे माझा सोमवार गेला. तुमच्यासाठी ती पस्तीस मिनिटं आहेत, माझ्यासाठी एक भाडं आहे. हप्ता, इन्शुरन्स, टॅक्स हे गाडी उभी असली तरी चालूच राहतात. किमान ३०० चा नियम त्यासाठीच आला.

दुसरं. ७०४ चा आकडा तुम्ही कोथरूड ते कोथरूड धरलात की मांजरी ते मांजरी? बिल गॅरेज ते गॅरेज असतं. गाडी मांजरीहून तुमच्याकडे रिकामी येते तेही किलोमीटर तुमचेच.

आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुमच्या मालकाने किमान किलोमीटर सरासरीने लावलेत: तीन दिवसांचे मिळून ९००. काही जण रोजचा दिवस वेगळा धरतात. पहिल्या दिवशी ३५० गेले तर ३५०, तिसऱ्या दिवशी २० गेले तरी ३००. तसं केलं असतं तर बिल आणखी चढलं असतं. ठरवताना हा प्रश्न विचारायचाच: किमान रोजचं की एकूण सरासरीचं?

बाकी, एवढ्या थोड्या वेळासाठी पूर्ण ३०० लावणं मला स्वतःला जड वाटतं. मी नेहमीच्या गिऱ्हाइकाला लावत नाही. पण कागदावर काय लिहिलंय ते आधी बघा. ड्युटी स्लिपवर तुमची सही आहे का?

मुग्धा_कोथरूड

दादा, ७०४ गॅरेज ते गॅरेजच आहे. निघताना मीटरचा फोटो ड्रायव्हरनेच मालकाला पाठवला होता, पोचल्यावरचाही आहे. पहिल्या दिवशी ३५८ झाले. बारा वाजता आम्ही देहूरोडच्या आसपास होतो, म्हणजे उरलेल्या ३४६ पैकी शेवटचे चाळीसेक सोमवारचे.

मग तुमच्या दुसऱ्या पद्धतीने ३५८ + ३०६ + ३०० = ९६४ झाले असते! बापरे.

सही आहे. रात्री गाडीतून उतरताना केली. वेळेचा रकाना कोरा होता की भरलेला, खरंच आठवत नाही. आणि ज्या व्हॉट्सॅपवर दर आला होता त्यात खाली बारीक लिहिलंय: «दिवस रात्री १२ ते रात्री १२». मी वर किलोमीटरचा दर पाहिला आणि खाली गेलेच नाही.

हिशेबनीस

मग अवघड आहे. तरी भांडून बघा.

रेवा

मला वेगळंच विचारायचंय. पहाटे सव्वापाच ते रात्री? शनिवारी रात्री ड्रायव्हर कुठे झोपला? आणि रविवारी किती वाजता निघालात?

मुग्धा_कोथरूड

रविवारी साडेसहाला लेण्याद्रीसाठी निघालो. ड्रायव्हर गाडीतच झोपला. आम्ही म्हटलं होतं, पण तेच म्हणाले गाडीत बरं वाटतं. जेवण आमच्याबरोबर.

रेवा

म्हणजे रविवारी साडेसहा ते रात्री सव्वाएक, सीटवर झोपून उठलेला माणूस. मध्ये थांबले असतील, दर्शनाला तुम्ही गेलात तेव्हा डोळा लागला असेल, तरी जवळजवळ एकोणीस तास तो कामावर होता. आणि त्यातच रात्रीचा बोरघाट. पंधरा जण, दोन लेकरं. ५०० च्या भत्त्यावर चर्चा चाललीय म्हणून लिहिलं. मी यात काही हिशेब सांगू शकत नाही, पण बिलात जर काही योग्य असेल तर तो तिसरा भत्ता.

सातारकर_पाहुणा

ह्या सगळ्या भानगडी नकोत म्हणून आम्ही गावाकडनं एसटी करतो. प्रासंगिक करारावर. डेपोत अर्ज, पैसे आधी भरायचे, पावती हातात. रात्री डायवर कुठं झोपला, टोल किती लागला, काय विचारायचं काम नाय. माझ्या आईला पंच्याहत्तरीपुढं एसटी फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट, मग परवडतंय की.

वाटसरू७

सातारकर, करारावर सवलत लागते का? माझ्या माहितीप्रमाणे ती रोजच्या फेरीच्या तिकिटावर असते. करारात अख्ख्या गाडीचे पैसे भरायचे, मग आत आजी बसली काय आणि नातू बसला काय.

सातारकर_पाहुणा

आषाढीला आम्हाला मिळालेली. गावातनं चाळीसच्या वर माणसं असली की थेट पंढरपूरला गाडी देतात, तिकीट माणशी काढायचं, त्यात सवलत होती.

वाटसरू७

ती ग्रुप बुकिंगची जादा गाडी, करार नव्हे. दोन्ही वेगळं. आणि पंधरा माणसांसाठी एसटीची मोठी बस करणं म्हणजे अर्धी गाडी रिकामी फिरवण्याचे पैसे.

आप्पा_जुन्नर

मुळात क्रम चुकला तुमचा. शास्त्रोक्त यात्रा मोरगावला सुरू होते, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि परत मोरगावला येऊन पूर्ण होते. तुम्ही कुठून कसे गेलात?

मुग्धा_कोथरूड

आप्पा, थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, मुक्काम ओझर. दुसऱ्या दिवशी लेण्याद्री, मग चाकण-तळेगाववरून खाली महड, पाली आणि घरी. माझ्या सासूबाईही तुमच्यासारखंच म्हणत होत्या.

स्टेअरिंग

आप्पा, तुमच्या क्रमाने गेलं तर सिद्धटेकहून थेट पाली गाठायची, तिथून महड करून परत घाट चढून थेऊर, आणि शेवटी पुन्हा मोरगाव. गिऱ्हाईक शास्त्रोक्त म्हणालं की मी तीन दिवसच सांगतो. देवाच्या क्रमाला माझा विरोध नाही, डिझेलचा आहे.

गुळपोळी

तिसऱ्या दिवसाचे पैसे भरतच आहात, तर शास्त्रोक्तच करायची होती.

चहाबाज

मुग्धाताई, बारा पस्तीस का झाले हे सांगा ना. तिथेच खरी गोम असणार. आमच्या ट्रिपला नेहमी कोणीतरी एक घर असतं.

मुग्धा_कोथरूड

चहाबाज, तुम्ही आमच्या सोसायटीत राहता का?

एक घर होतं, चौघांचं. नारायणगावला त्यांचे नातेवाईक आहेत. शनिवारी रात्री ओझरला आल्यावर ते म्हणाले, आम्हाला तिकडे सोडा, जवळच आहे. सोडलं. सकाळी घ्यायला गेलो तर पोहे चालू होते. पन्नास मिनिटं गाडी दारात. जाऊन-येऊन दोन्ही वेळचे मिळून चाळीसेक किलोमीटर त्या ७०४ मध्येच आहेत. मग महडला रविवारची रांग. पालीतून सुटायला आठ वाजून गेले, पुढे घाटात ट्रक बंद पडला होता. ती पन्नास मिनिटं हातात असती तर बाराच्या आत कोथरूड झालं असतं.

आता तेच घर म्हणतंय की आम्ही भक्तनिवासात राहिलो नाही, खोलीचे पैसे देणार नाही. आणि दोन मुलांचं गाडीचं अर्धं तिकीट धरा. मुलं सात आणि चार वर्षांची.

चहाबाज

पोहे!! २६,७०५ रुपयांचे पोहे. लिंबू तरी पिळलं होतं का?

वाटसरू७

अर्धं तिकीट एसटीत असतं, कारण तिथे सीट महामंडळ विकतं. इथे तुम्ही सतरा सीटची गाडी उचलली आहे. चार वर्षांचं पोर बसलं तरी ती सीट दुसऱ्याला मिळाली नाही. मांडीवर घेणार असाल तर आधी सांगायचं, आणि ती सीट दुसऱ्याला द्यायची. आमच्याकडे नियम एकच: गाडीचा खर्च सीटवर, जेवण तोंडावर, खोली खाटेवर.

खोलीचं मात्र मी त्यांच्या बाजूने आहे. खोली वापरली नाही.

मुग्धा_कोथरूड

मांडीवर? चार वर्षांचे ते चिरंजीव रांजणगाव ते ओझर दोन सीटवर आडवे झोपले होते, आणि मी खालच्या बॅगेवर.

पण वाटसरू, खोल्या त्यांना धरून पाच घेतल्या होत्या. ते येणार नाहीत हे रात्री साडेनऊला कळलं. पाचवी खोली रिकामीच राहिली. पैसे परत मिळाले नाहीत.

वाटसरू७

असं असेल तर शब्द मागे. खोलीसुद्धा त्यांचीच. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर सुटले असते.

हिशेबनीस

हाच न्याय ते आदल्या रात्री रद्द करणाऱ्यांना लावा. गाडीचा खर्च सतरांत, पंधरांत नाही. २६,७०५ भागिले १७ म्हणजे १,५७१. पंधरांत केलं तर १,७८०. न आलेल्यांमुळे आलेल्यांनी माणशी दोनशे नऊ रुपये का भरायचे? जेवण-खोलीचे त्यांच्याकडून एक रुपया मागू नका, तो खर्च झालाच नाही. गाडी मात्र त्यांना धरून ठरवली होती.

रेवा

रद्द का केलं त्यावर नाही का अवलंबून? कोणी आजारी पडलं असेल तर मला मागवणार नाही.

हिशेबनीस

रेवाताई, आजारपणाची सहानुभूती वेगळी, सीट वेगळी. मागायची नसेल तर बाकीच्या पंधरांनी ठरवून सोडावी. एकट्या मुग्धाताईंनी नव्हे, नाहीतर त्यांच्या पर्समधून जाईल.

मुग्धा_कोथरूड

आजारी नव्हते. भाचीचं बघायला पाहुणे आले.

स्टेअरिंग

टोलचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो, कारण बिलात घोळ बहुतेक तिथेच सापडतो. लोक मॅपवर टोल बघतात तो कारचा असतो. ट्रॅव्हलर मिनीबसच्या वर्गात जाते, तिला जास्त पडतो. त्यामुळे १,३८५ बघून लगेच चोर म्हणू नका. पण फास्टॅग मालकाच्या खात्यावर असतो, पैसे कटल्याचा मेसेज त्यालाच जातो, तुम्हाला काही दिसत नाही. फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. नाक्याचं नाव, तारीख, वेळ सगळं असतं त्यात. कोणी चांगला मालक नाही म्हणत नाही. टॅगमध्ये पैसे नव्हते म्हणून नाक्यावर जादा भरावा लागला असेल तर तो जादा त्याने सोसायचा, तुम्ही नाही.

पार्किंगच्या पावत्या ड्रायव्हर देतो. सगळीकडे पावती मिळत नाही, तिथे पाच-पन्नास सोडून द्या.

मुग्धा_कोथरूड

पावत्या ३२० च्या मिळाल्या, १०० बिनपावतीचे. ते सोडले. स्टेटमेंट मागवलंय.

बाय द वे, लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं आणि एका आजोबांनी डोली केली होती. ते «गाडी-खर्चात» टाका म्हणून मेसेज आलाय. मी वाचला नाही असं दाखवतेय.

आप्पा_जुन्नर

डोलीचे पैसे आजोबांचेच. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, चार माणसांनी उचलून नेलं, त्यात सोसायटीचं काय? तिकीटही ज्याचं त्याने काढायचं.

सातारकर_पाहुणा

आमच्या मावसभावाची गाडी आहे, पांढऱ्या नंबरची. नुसतं डिझेल आणि डायवरचा रोज. पुढच्या वेळी सांगा, स्वस्तात जाल.

स्टेअरिंग

सातारकर, राग मानू नका, पण हा सल्ला देऊ नका. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली आणि कुठे काही झालं तर इन्शुरन्स कंपनी पहिलं विचारते की प्रवासी भाड्याचे होते का. दोन हजार वाचवायला पंधरा माणसं त्यात बसवू नका.

सातारकर_पाहुणा

आमचं आजवर काय झालं नाय. बरं.

मुग्धा_कोथरूड

चार दिवसांनी लिहितेय. मालकांशी बोलले. भांडले नाही, स्टेअरिंगदादांनी सांगितलं तसंच मांडलं: तुमचा सोमवार गेला हे मान्य, वाक्य खाली लिहिलेलं होतं हेही मान्य, पण १९६ न फिरलेल्या किलोमीटरचे पाच हजार शहाण्णव जास्त वाटतात. त्यांनी बऱ्याच वेळाने ८०० धरतो म्हटलं. २०,८०० अधिक तीन दिवसांचा भत्ता १,५०० अधिक टोल-पार्किंग १,८०५. एकूण २४,१०५. फास्टॅगचं स्टेटमेंट आलं, टोल बरोबर निघाला. तिसऱ्या भत्त्याबद्दल मी काही बोलले नाही. रेवा, तुझं वाचून तो मालकाकडे न देता ड्रायव्हरलाच पाठवला, मालकाला सांगून.

सतरांत भागलं, माणशी १,४१८. आलेल्यांनी २१८ वर द्यायचे, न आलेल्या दोघांनी ९१८ प्रत्येकी. अकरा जणांचे आले. न आलेल्यांपैकी काकूंचे आले, काकांचे नाहीत. त्यांचं म्हणणं की घरातून एकच जण भरेल, कारण रद्द करायचं काकूंनी ठरवलं. पोहेवाल्या घराने चारही सीटचे भरले, खोलीचे नाही, आणि ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकला.

गुळपोळी

त्या इमोजीचा दर किती किलोमीटरला?

हिशेबनीस

काकांना सोडू नका.

रेवा

मुग्धा, थँक्यू. भत्त्याचं.

मुग्धा_कोथरूड

आता सासूबाईंनी दिवाळीनंतर अक्कलकोट-गाणगापूर काढलंय. दादा, गाणगापूर कर्नाटकात येतं, तिकडचा टॅक्स वेगळा पडेल का?

स्टेअरिंग

गाडीला ऑल इंडिया परमिट आहे का ते पहिलं विचारा. नसेल तर सीमेचा टॅक्स तुमच्या बिलात येणार. सोलापूर सोडायच्या आत लिहून घ्या की तो किमान किलोमीटरच्या दरात धरलाय की वेगळा. आणि परतीच्या दिवशी घरी किती वाजता पोचायचं ते आधी ठरवा, मग निघायची वेळ मागे मोजत या.

चहाबाज

आणि वाटेत कोणाचे नातेवाईक कुठे राहतात त्याची यादी आधी घ्या.